अॅग्रॅमॅटिझम आणि मनातील व्याकरणाची रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचाघातानंतर काही रुग्णांचे बोलणे तुटक होते आणि त्यातून प्रत्यय, सहायक क्रियापदे, जोडशब्द नाहीसे होतात. या अवस्थेला अॅग्रॅमॅटिझम म्हणतात. त्याविषयी विद्यार्थी, वाचोपचारतज्ज्ञ आणि रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेक प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात: क्रियापदाचा काळ बिघडतो, पण कर्त्याशी त्याची जुळणी टिकते, ती का? त्यामुळे उत्तरांचा भरही तेथेच आहे.

१. अॅग्रॅमॅटिझम म्हणजे नेमके काय? ब्रोका वाचाघात आणि अॅग्रॅमॅटिझम एकच का?

पक्षाघाताने किंवा अन्य इजेने मेंदूच्या डाव्या बाजूला हानी झाली की भाषा बिघडू शकते. या बिघाडाला वाचाघात म्हणतात. त्याच्या ज्या प्रकारात बोलणे सायासाने, अडखळत आणि थोडक्या शब्दांत होते, त्याला फ्रेंच शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्या नावावरून ब्रोका वाचाघात म्हणतात. आपल्या रुग्णाचे प्रसिद्ध निरीक्षण त्यांनी 1861 मध्ये मांडले. अॅग्रॅमॅटिझम हे लक्षण या प्रकारात वारंवार आढळते, परंतु दोन्ही एकच नव्हेत. ब्रोका वाचाघात हे अनेक लक्षणांच्या समूहाला दिलेले नाव आहे, तर अॅग्रॅमॅटिझम हे वाक्यरचनेच्या एका विशिष्ट बिघाडाचे नाव आहे.

उदाहरणासाठी एक नमुना रचून पाहू. रुग्णाला म्हणायचे आहे, "काल मी जिन्यावरून पडलो आणि मुलाने मला दवाखान्यात नेले." त्याच्या तोंडून येते, "काल... जिना... पडणे... मुलगा... दवाखाना." अर्थाचे मुख्य शब्द आले, त्यांचा क्रमही बरोबर आहे. मात्र "वरून", "आणि", "ने", "ला", "त" यांपैकी काहीच आले नाही, आणि क्रियापदाचा काळही हरवला. पुष्कळ रुग्णांना नामांपेक्षा क्रियापदे आठवणे अधिक जड जाते, त्यामुळे "पडणे" हा शब्दही कधीकधी गळून जातो.

२. म्हणजे या रुग्णांच्या मनातले व्याकरण पुसले गेलेले असते का?

नाही. वरच्या नमुन्यातही शब्दक्रम टिकला आहे, आणि प्रत्यक्ष रुग्णांमध्येही आपल्या भाषेचा नेहमीचा शब्दक्रम बहुधा टिकून राहतो. याहून ठळक पुरावा 1983 मध्ये मार्सिया लाइनबार्गर, मर्ना श्वार्ट्झ आणि एलिनोर सॅफ्रन यांनी दिला. त्यांनी चार अॅग्रॅमॅटिक रुग्णांना वाक्ये ऐकवली आणि प्रत्येक वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे की चूक, एवढेच विचारले. या रुग्णांना स्वतः अशी वाक्ये बोलता येत नव्हती, आणि वाक्यरचनेवरून अर्थ लावतानाही ते अडखळत होते. तरीही अनेक प्रकारच्या चुका त्यांनी चांगल्या प्रमाणात ओळखल्या.

ज्याला चूक ओळखता येते त्याच्याकडे नियम शिल्लक आहे, असे मानणे भाग पडते. म्हणून आजच्या बहुतेक उपपत्ती "व्याकरण गेले" असे म्हणत नाहीत. बोलण्याच्या क्षणी वाक्याची रचना मनात उभी राहते, त्या रचनेचा नेमका कोणता भाग उभा राहत नाही, असे त्या विचारतात. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत फलदायी बदल होता, कारण त्यानंतर चुकांची नुसती गणती मागे पडली आणि त्यांच्या आकाराकडे लक्ष गेले.

३. सर्व भाषांत प्रत्यय गळतातच का?

गळत नाहीत, आणि ही बाब समजून घेण्यासारखी आहे. या विषयाचे पहिले वर्णन ज्या भाषांवरून झाले त्यांत प्रत्यय काढून टाकला तरी उरलेला तुकडा हा एक स्वतंत्र शब्द असतो. इंग्रजीत "वॉक्ड" मधला काळाचा प्रत्यय गेला तर "वॉक" उरतो, आणि तो बोलता येतो. त्यामुळे "प्रत्यय गळणे" हेच रोगाचे लक्षण मानले गेले.

हिब्रूमध्ये तसे घडू शकत नाही. तेथे धातू म्हणजे केवळ व्यंजनांचा सांगाडा असतो. लिहिणे या अर्थाचा धातू क-त-व असा आहे, आणि काळ, लिंग, वचन यांची रूपे त्यात स्वर भरून, तसेच पुढे-मागे अक्षरे जोडून होतात. "कातव" म्हणजे त्याने लिहिले, "कोतेव" म्हणजे तो लिहितो, "यिख्तोव" म्हणजे तो लिहील. सारे रूप काढून टाकले तर उच्चारण्याजोगे काहीच उरत नाही. योसेफ ग्रोडझिन्स्की यांनी 1984 मध्ये दाखवले की अशा भाषेत रुग्ण रूप गाळत नाही, एका रूपाच्या जागी दुसरे रूप वापरतो.

मराठीच्या वाचकाला हे चटकन पटेल. "घरात" मधला "त" गाळला तर "घरा" उरते, आणि तो शब्द कोणी एकटा बोलत नाही. म्हणजे प्रत्यय गाळणाऱ्याला मूळ "घर" या रूपावर यावे लागेल. येथे नुसती वजाबाकी होत नाही, एका अस्सल शब्दाच्या जागी दुसरा अस्सल शब्द येतो. यावरून एवढे निश्चित होते की बिघाड झाल्यानंतरही आपल्या भाषेत काय शब्द होऊ शकतो आणि काय नाही, याची जाण रुग्णात शाबूत असते.

४. काळ बिघडतो पण अन्विती टिकते, असे वाचले. याचा अर्थ काय आणि ते तपासतात कसे?

अन्विती म्हणजे क्रियापदाने दुसऱ्या पदाच्या लिंग, वचन, पुरुषाशी जुळवून घेणे: मुलगा धावला, मुलगी धावली, मुले धावली. काळ आणि अन्विती ही दोन्ही माहिती क्रियापदाच्या रूपातच भरलेली असते. त्यामुळे क्रियापदाची रूपे सरसकट बिघडत असतील, तर दोन्ही सारख्याच बिघडाव्यात, अशी कोणाचीही अपेक्षा असेल.

नामा फ्रीडमन आणि ग्रोडझिन्स्की यांनी 1997 मध्ये एका हिब्रूभाषक रुग्णाविषयी लेख प्रसिद्ध केला, त्यात ही अपेक्षा मोडली. अशा तपासणीची पद्धत साधी असते, म्हणून ती पायरीपायरीने पाहू. पहिल्या प्रकारात काळ बदलायचा आणि कर्ता तोच ठेवायचा: "आज मुलगा लिहितो. काल मुलगा ____." येथे "कातव" हवे. दुसऱ्या प्रकारात काळ तोच ठेवून कर्ता बदलायचा: "काल मुलगा लिहीत होता" या अर्थाच्या वाक्यानंतर "काल मुली ____", आणि येथे "कात्वू" हे अनेकवचन हवे. दोन्ही प्रकारांत क्रियापद तेच, वाक्याची लांबी तीच आणि स्मरणावरचा भारही जवळजवळ तेवढाच असतो.

आता चूक कशी दिसते ते पाहा. पहिल्या प्रकारात रुग्ण "कातव" ऐवजी "यिख्तोव" म्हणतो. म्हणजे भूतकाळाच्या जागी भविष्यकाळ आला, पण तृतीय पुरुष, पुल्लिंग, एकवचन हे सारे अचूक राहिले. काळ निसटलेल्या त्याच शब्दात अन्विती जागच्या जागी आहे. दुसऱ्या प्रकारात चुका अगदी क्वचित होतात.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हिब्रूत काळांचे पर्याय थोडे, तर पुरुष, लिंग आणि वचन यांच्या जुळण्या त्याहून जास्त आहेत. रुग्ण केवळ अंदाजाने रूप निवडत असता, तर अन्वितीतच अधिक चुका दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात उलट दिसते. म्हणून "क्रियापदाची रूपे अवघड म्हणून चुकली" हे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. फ्रीडमन यांनी नंतर हिब्रू आणि पॅलेस्टिनी अरबी बोलणाऱ्या आणखी रुग्णांमध्येही हाच आकृतिबंध नोंदवला.

५. "झाडाची छाटणी" ही उपपत्ती या निरीक्षणाचे स्पष्टीकरण कसे देते?

वाक्यरचनेच्या अभ्यासात वाक्याची रचना उलट्या झाडासारखी काढतात. तळाशी क्रियापद आणि त्याचे कर्म असते, आणि वर चढत जावे तसे व्याकरणिक माहितीचे एकेक मजले लागतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ज्यां-इव्ह पोलॉक यांनी असे मांडले की क्रियापदाची अन्विती आणि काळ हे एकाच मजल्यावर नाहीत, त्यांचे मजले वेगळे आहेत. या मांडणीच्या ज्या आवृत्तीचा आधार फ्रीडमन आणि ग्रोडझिन्स्की यांनी घेतला, तीत अन्वितीचा मजला खाली, काळाचा त्याच्या वर, आणि सर्वांत वर प्रश्नशब्दांचा आणि "की", "जो" यांसारख्या उपवाक्य जोडणाऱ्या शब्दांचा मजला येतो.

उपपत्ती अशी की अॅग्रॅमॅटिक रुग्ण बोलताना हे झाड खालून वर पूर्ण बांधू शकत नाही. ते एखाद्या उंचीवर छाटले जाते, आणि छाटलेल्या जागेच्या वरचे काहीच मिळत नाही. छाट काळाच्या मजल्यावर पडली तर अन्विती वाचते आणि काळ जातो. छाट आणखी खाली, अन्वितीवर पडली तर दोन्ही जातात. पण काळ शाबूत आणि अन्विती गेलेली, असे मात्र होऊ नये, कारण वरचा मजला खालच्यावरच उभा असतो.

या उपपत्तीचे बळ तिच्या नकारात आहे. काय घडेल एवढेच सांगून ती थांबत नाही, काय कधीच घडणार नाही तेही सांगते, आणि म्हणून तिची परीक्षा घेता येते. रुग्णाची तीव्रता म्हणजे छाटीची उंची, असा एक सोपा अर्थही तिच्यातून निघतो: सौम्य रुग्णाचा केवळ वरचा मजला जाईल, तीव्र रुग्णाचे अधिक काही जाईल.

६. काळ सोडून या उपपत्तीला दुसरा काही आधार आहे का?

आहे, आणि तो मला काळाच्या पुराव्याहून अधिक मोलाचा वाटतो, कारण तो क्रियापदाच्या रूपांशी संबंधित नाही. काळाचा मजला गेला असेल, तर त्याच्या वरचा प्रश्नांचा आणि उपवाक्यांचा मजलाही गेलेला असला पाहिजे. प्रत्यक्षात हिब्रू आणि पॅलेस्टिनी अरबी बोलणाऱ्या रुग्णांना "कोण", "काय", "कुठे" असे प्रश्न विचारणे फार कठीण गेले.

कोणी म्हणेल की प्रश्न विचारणे हेच मुळात अवघड काम असेल. याचे उत्तर हो-नाही प्रकारच्या प्रश्नांत आहे. हिब्रू आणि अरबीत असा प्रश्न साध्या विधानाचा सूर बदलूनही विचारता येतो. वाक्यात काही हलवावे लागत नाही आणि वरच्या मजल्याची गरज पडत नाही. हे प्रश्न त्याच रुग्णांना जमले. इंग्रजीत मात्र हो-नाही प्रश्नासाठीही सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे न्यावे लागते, आणि इंग्रजीभाषक रुग्णांना दोन्ही प्रकारचे प्रश्न जड जातात. अर्थाच्या दृष्टीने हो-नाही प्रश्न सर्व भाषांत एकच आहे, फरक केवळ रचनेत आहे, आणि अडचण रचनेच्या मागे गेली.

७. काळ हा अर्थाशी बांधलेला आहे आणि अन्विती नाही, एवढ्यावरूनच हा फरक समजावता येणार नाही का?

ही शंका रास्त आहे आणि तिच्यावर पूर्ण उपपत्ती उभ्या आहेत. अन्वितीसाठी लागणारी माहिती वाक्यातच हजर असते: कर्ता स्त्रीलिंगी आहे, मग क्रियापदही तसे करायचे. ही नक्कल झाली. काळासाठी मात्र घटना बोलण्याच्या क्षणाच्या आधीची की नंतरची, हे वाक्याबाहेरून आणावे लागते आणि मग ते रूपात उतरवावे लागते. या विचाराप्रमाणे झाडाला उंची असण्याची गरजच उरत नाही. बाहेरून अर्थ आणणारी रूपे बिघडतात आणि आतल्या आत जुळणारी टिकतात, एवढे पुरते.

नेदरलँड्समधील रोलिन बास्टियान्स यांनी ही दिशा पुढे नेली. त्यांच्या मते मूळ अडचण भूतकाळाच्या निर्देशात आहे. वर्तमानातल्या घटनेचा संदर्भ बोलण्याच्या क्षणीच मिळतो, पण भूतकाळातल्या घटनेसाठी संभाषणात मागे जाऊन एखाद्या क्षणाशी दुवा जोडावा लागतो. इंग्रजी आणि तुर्की बोलणाऱ्या रुग्णांना भूतकाळ दाखवणारी रूपे इतर रूपांपेक्षा जड गेली, असे त्यांच्या गटाने 2011 मध्ये मांडले.

दोन उपपत्तींमध्ये निवड करायची तर त्यांची भाकिते जेथे वेगळी होतात तेथे पाहावे. छाटणीची उपपत्ती सर्व काळांना एकाच मजल्यावर ठेवते, त्यामुळे भूतकाळ भविष्याहून अधिक का बिघडावा, हे तिला सांगता येत नाही. उलट भूतकाळाची उपपत्ती प्रश्न ६ मधील हो-नाही प्रश्नांच्या फरकाविषयी गप्प आहे. माझे मत असे की या दोन उपपत्ती एकाच बिघाडाची दोन वर्णने नसून दोन वेगळ्या अडचणींकडे बोट दाखवत असाव्यात, आणि एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात.

८. छाटणीच्या उपपत्तीला उलटी उदाहरणे सापडली आहेत का?

सापडली आहेत, आणि ती प्रामुख्याने जर्मनमधून आली. मायकेला वेन्झलाफ आणि हाराल्ड क्लासेन यांनी 2004 मध्ये जर्मनभाषक रुग्णांत काळ बिघडलेला आणि अन्विती टिकलेली पाहिली. येथवर सारे उपपत्तीप्रमाणेच होते. पण त्याच रुग्णांना वास्तव घटना आणि कल्पित घटना यांतील क्रियापदाच्या रूपांचा फरक मात्र जमत होता. हा फरक काळाच्या खालच्या मजल्यावरचा मानला जात नाही, तेव्हा छाटीने तोही जायला हवा होता. म्हणून त्यांनी असे सुचवले की मजला गेलेला नसतो, तो उभाच असतो, परंतु त्यावरची काळाची खूण पुसट होते.

त्याच्या पुढच्या वर्षी फ्रँक बुर्खर्ट आणि सहकाऱ्यांनी जर्मनमध्येच रुग्णागणिक वेगळे चित्र दाखवले. काहींचा काळ अधिक बिघडलेला होता, तर काहींची अन्विती. दुसऱ्या गटातील रुग्ण म्हणजे छाटणीची उपपत्ती जे होणार नाही म्हणते नेमके तेच. येथे बचावाचा एक मार्ग आहे: प्रत्येक भाषेत मजल्यांचा क्रम तोच नसेल. पण एकाच भाषेच्या दोन रुग्णांत उलटसुलट क्रम मिळाला की तो मार्गही बंद होतो. मग एवढेच म्हणता येते की काळ आणि अन्विती मनात वेगवेगळ्या ठेवल्या आहेत आणि एकीला धक्का लागला तरी दुसरी वाचू शकते. त्या दोन्ही एका रांगेत, एकीवर एक अशा रचल्या आहेत, हा दावा कमजोर होतो.

हा भेद मी मुद्दाम स्पष्ट करतो, कारण "काळ व अन्विती वेगळ्या आहेत" आणि "काळ अन्वितीच्या वर आहे" ही दोन विधाने चर्चेत सतत एकमेकांत मिसळली जातात. पहिल्याला पुष्कळ आधार आहे. दुसऱ्याला हिब्रू व अरबीत आधार आहे आणि जर्मनमध्ये अडथळा आहे.

९. हीच चाचणी मराठीत घेता येईल का?

घेता येईल, पण हिब्रूची चाचणी जशीच्या तशी भाषांतरित करून नव्हे, कारण मराठीत काळ बदलला की अन्वितीचे पदच बदलते. "मुलगी कागद फाडते" येथे कर्तरी प्रयोग आहे आणि क्रियापद मुलीशी जुळते. तेच भूतकाळात नेले की "मुलीने कागद फाडला" असा कर्मणी प्रयोग होतो, कर्त्याला "ने" लागतो आणि क्रियापद कागदाशी जुळते.

समजा, "आज मुलगी कागद फाडते. काल..." असे म्हणून वाक्य पूर्ण करायला सांगितले आणि रुग्ण म्हणाला, "काल मुलगी कागद फाडली." ही चूक कशाची? काळ तर बरोबर आहे, भूतकाळच आला. अन्विती कर्त्याशी झाली, तीही कर्तरीच्या नियमाने बरोबर आहे. फक्त "ने" आला नाही आणि कर्मणी प्रयोग झाला नाही. ही चूक विभक्तीच्या खात्यात टाकावी की अन्वितीच्या, हे वाक्याकडे पाहून ठरवता येत नाही. अशी वाक्ये चाचणीत ठेवली तर काळाचे आणि अन्वितीचे आकडे एकमेकांत गुंतून जातील आणि निष्कर्ष निरुपयोगी ठरेल.

उपाय भाषेतच आहे. अकर्मक क्रियापदे भूतकाळातही बहुधा कर्तरी राहतात: मुलगा धावतो, मुलगा धावला. शिवाय शिकणे, विसरणे, बोलणे अशी मोजकी क्रियापदे कर्म असूनही भूतकाळात "ने" घेत नाहीत: मुलगी धडा शिकली, मुलगा नाव विसरला. एवढ्यांवरच चाचणी बेतली तर खाते स्वच्छ राहते. "काल मुलगा धावेल" ही काळाची चूक, आणि "काल मुली धावला" ही अन्वितीची. भविष्यकाळ मात्र अन्वितीच्या भागातून वगळावा, कारण "धावेल" हे रूप मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालते, त्यामुळे लिंगाची चूक तेथे दिसूच शकत नाही.

आणखी एक सावधगिरी हवी. मराठीत प्रश्नशब्द वाक्याच्या आरंभी न्यावा लागत नाही. "मुलाने काय लिहिले?" यात "काय" कर्माच्या जागीच बसते. म्हणून प्रश्न ६ मधील युक्तिवाद मराठीला सरळ लावता येत नाही. मराठी रुग्णाला असे प्रश्न जमले, तर त्याचा वरचा मजला शाबूत आहे, असे त्यावरून सिद्ध होणार नाही.

१०. या रुग्णांना समजून घेतानाही अडचण येते का, की केवळ बोलतानाच?

समजून घेतानाही येते, पण ती लपून राहते. आल्फोन्सो कारामाझ्झा आणि एडगर झुरिफ यांनी 1976 मध्ये ती उघड केली. त्यांच्या युक्तीचा मराठी नमुना असा: "मुलगी वाचत असलेले पुस्तक जाड आहे" हे वाक्य समजायला व्याकरण लागत नाही, कारण पुस्तक मुलीला वाचू शकत नाही. "मुलगी ढकलत असलेला मुलगा उंच आहे" येथे मात्र कोण कोणाला ढकलते, हे केवळ रचना सांगते. पहिल्या प्रकारची वाक्ये रुग्णांना समजली. दुसऱ्या प्रकारात त्यांची उत्तरे नाणेफेकीच्या पातळीवर आली. रोजच्या बोलण्यात बहुतेक वाक्ये पहिल्या प्रकारची असतात, म्हणून घरच्यांना वाटते की "त्यांना सगळे समजते".

छाटणीची उपपत्ती मुळात बोलण्याविषयी आहे, समजण्याविषयी नाही. समजण्याच्या अडचणीसाठी ग्रोडझिन्स्की यांनी वेगळी उपपत्ती मांडली, पण तिच्या भाकिताप्रमाणे वागणारे रुग्ण सर्वच नसतात. रीटा बर्न्ट आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये आधीच्या अभ्यासांतील रुग्णांचे आकडे एकत्र केले, तेव्हा अपेक्षित आकृतिबंध सुमारे एक-तृतीयांश नोंदींतच आढळला.

११. रुग्ण केवळ श्रम वाचवण्यासाठी तुटक बोलतात, असे म्हणणे चुकीचे आहे का?

पूर्ण चुकीचे नाही. डच संशोधक हर्मन कोल्क यांनी दीर्घकाळ हे म्हणणे मांडले की वाक्य बांधण्याचा वेळ अपुरा पडतो, तेव्हा रुग्ण जाणूनबुजून किंवा नकळत सोप्या, तारेच्या भाषेसारख्या रचनेकडे वळतात. एकच रुग्ण गप्पांत तुटक बोलतो आणि चाचणीत पूर्ण वाक्याचा आग्रह धरल्यावर प्रत्यय गाळण्याऐवजी चुकीचे प्रत्यय लावतो, हे निरीक्षण त्यांच्या बाजूने आहे. म्हणून केवळ गप्पांच्या नोंदीवरून व्याकरणाविषयी निष्कर्ष काढू नयेत.

मात्र श्रम वाचवण्याने प्रश्न ४ चे उत्तर मिळत नाही. "कातव" ऐवजी "यिख्तोव" म्हणण्यात कोणतेच श्रम वाचत नाहीत.

१२. मग व्याकरण ब्रोका क्षेत्रात असते का?

इतके सरळ नाही. ब्रोका क्षेत्र म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागातला, ब्रोका यांच्या नावाने ओळखला जाणारा पट्टा. ब्रोका यांच्या दोन पहिल्या रुग्णांचे मेंदू पॅरिसमध्ये जतन केलेले आहेत. निना ड्रोंकर्स आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये त्यांची एमआरआय चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा हानी पृष्ठभागावरच्या ब्रोका क्षेत्रापुरती नसून खोलवर, मेंदूचे पुढचे आणि मागचे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली आढळली. केवळ ब्रोका क्षेत्राला इजा झाली, तर दीर्घकाळ टिकणारा ब्रोका वाचाघात सहसा होत नाही, हेही 1970 च्या दशकापासून माहीत आहे. मागच्या भागाच्या हानीनंतर व्याकरणाचा दुसराच बिघाड दिसतो: बोलणे प्रवाही असते, प्रत्यय भरपूर असतात, पण चुकीचे आणि वाक्ये एकमेकांत गुंतलेली. व्याकरणाच्या कोणत्या भागाला काय होते, हे रचनेवरून सांगता येते. तो भाग मेंदूत कोठे आहे, हा वेगळा प्रश्न आहे आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही.

१३. उपचारांच्या अनुभवातून व्याकरणाच्या रचनेविषयी काही कळते का?

कळते, आणि हा पुरावा हानीच्या पुराव्याहून वेगळ्या जातीचा आहे, कारण येथे काय एकत्र मोडते हे न पाहता काय एकत्र सुधारते हे पाहता येते. अमेरिकेतील सिंथिया थॉम्पसन आणि लुईस शपीरो यांनी इंग्रजीभाषक रुग्णांना एका प्रकारच्या वाक्यांचा सराव दिला आणि ज्यांचा सराव दिला नाही अशी वाक्ये सुधारतात का, ते पाहिले.

"मुलीने कोणाला ढकलले" या अर्थाचे इंग्रजी प्रश्न आणि "ज्याला मुलीने ढकलले तो मुलगा" या अर्थाची इंग्रजी उपवाक्ये वरवर भिन्न दिसतात. पण दोन्हींत एक पद आपल्या मूळ जागेवरून वाक्याच्या वरच्या मजल्यावर जाते. एकाचा सराव केला की दुसरेही सुधारले. इंग्रजीतील कर्मणी वाक्यांतही पद हलते, परंतु ते वेगळ्या, खालच्या जागी जाते, आणि तेथपर्यंत हा लाभ पोहोचला नाही.

2003 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह आणखी एक गोष्ट मांडली, जी उपचार करणाऱ्यांना उलटी वाटते. सरावाची सुरुवात गुंतागुंतीच्या उपवाक्यांनी केली, तर त्याच जातीचे सोपे प्रश्न सराव न देताही सुधारतात. सोप्या प्रश्नांनी सुरुवात केली, तर उपवाक्यांपर्यंत लाभ फारसा चढत नाही. जाती वेगळ्या असतील, तर क्रम कोणताही ठेवला तरी लाभ ओलांडून जात नाही. म्हणून वाचोपचारतज्ज्ञाने सरावाची वाक्ये निवडताना ती किती लांब आहेत याआधी हे पाहावे की त्यांत कोणते पद कोठून निघून कोठे गेले आहे.